बाजारबुणगे: फौजेच्या मागून चालणारं पोट

प्रश्न: जुन्या काळी फौजांबरोबर जे बाजारबुणगे, वाणी, धोबी-धोबिणी, घसारे वगैरे लोक असायचे ते नक्की कोण होते? लढणाऱ्यांपेक्षा त्यांचीच संख्या जास्त असायची म्हणतात. मग ते फौजेवरचं ओझं होतं की त्यांचा काही उपयोग होता? पानिपतात त्यांच्यामुळेच घात झाला असं लहानपणापासून ऐकत आलोय.

उत्तर:

अठराव्या शतकातल्या फौजांचे मोडी कागद, रोजकीर्दी आणि पत्रं वाचण्यात माझी पंचविसेक वर्षं गेली. युरोपातल्या फौजांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, म्हणून मी मुख्यतः दख्खनेतल्या आणि मराठ्यांच्या छावण्यांबद्दल लिहितो.

थोडक्यात सांगायचं तर तेव्हाच्या बहुतेक फौजांना आजच्यासारखा पुरवठा विभाग नव्हता. तो विभाग म्हणजेच बाजारबुणगे. मराठी स्वाराला सरकारातून शिजलेलं अन्न किंवा बांधून दिलेला शिधा मिळत नसे. त्याला मिळायचा पैसा, तोही बऱ्याचदा उशिरा. त्या पैशात त्याने स्वतःचं, घोड्याचं आणि बरोबरच्या माणसांचं पोट छावणीच्या बाजारात भरायचं. बाजार मागे राहिला, तर चांदीचे रुपये कमरेला असूनही माणूस उपाशी. म्हणून तो बाजार फौजेबरोबर चालत असे. ‘बुणगे’ म्हणजे फौजेचं जड सामान आणि त्यासोबतचे बिनलढाऊ लोक. आज आपण तो शब्द रिकामटेकड्या जमावासाठी शिवीसारखा वापरतो, ते माझ्या मते अन्यायाचं आहे.

हा बाजार चालायचा कसा, ते आधी बघू. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुक्काम पडतानाचं वर्णन बारकाईने केलं आहे. सगळ्यांच्या पुढे बिनीवाला जायचा. आपल्याकडचं बिनीवाले आडनाव तिथूनच आलेलं. नव्या मुक्कामाच्या जागी तो एक छोटं पांढरं निशाण रोवायचा, की इथे महाराजांचे डेरे. मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणं जमेल तितक्या सरळ रेषेत लागायची आणि त्यांचा आपसातला क्रम रोज तोच. त्या निशाणांना धरून दुकानदार समोरासमोर दोन ओळींत पालं ठोकायचे, की मधून छावणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रस्ता तयार. ही पेठ कधीकधी तीन-चार मैल लांब असे. सरदार उतरायचे ते तिच्या डाव्या-उजव्या अंगाला, आपापल्या ठरलेल्या बाजाराजवळ.

इथे जरा थांबून विचार करा. रोज गाव बदलतंय, तरी संध्याकाळी काळोखात पोचलेल्या शिपायाला पीठ कुठे मिळेल, सराफ कुठे, आपल्या पथकाचा तळ कुठे, हे कुणाला विचारावं लागत नाही. छावणीचा नकाशा बाजारावर बेतलेला होता आणि फौज त्याच्या आजूबाजूला वसायची. बाजारावर कोतवालाची नजर असे आणि दुकानांकडून पट्टी घेतली जाई. म्हणजे ही भटक्यांची गर्दी नव्हती, हिशेबात असलेली वस्ती होती.

आता संख्या एवढी का, हे समजायला एक ढोबळ हिशेब करू. दहा हजार स्वारांची फौज घ्या. घोड्याला कामावर ठेवायचं तर रोज निदान तीन किलो हरभरा किंवा कुळीथ हवा. म्हणजे ३०,००० किलो. स्वार, घोड्याची निगा राखणारा त्याचा मोतद्दार, गवत कापणारा घसारा, तोफखान्याचे लोक, बाजारवाले असे सगळे मिळून तीस हजार तोंडं धरू. माणशी पाऊण किलो धान्य म्हटलं तर २२,५०० किलो. एकूण झाले साडेबावन्न हजार किलो, रोजचे. पाठीवर गोणी लादलेला बैल साधारण १२० किलो नेतो. म्हणजे दिवसाला सुमारे ४४० बैलांचं धान्य संपतं आणि महिन्याला तेरा हजारांवर बैल लागतात.

हा आकडा कागदावर अशक्य वाटतो. पण १६३२ मध्ये पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला आग्र्याहून पाटण्याकडे जाताना वाटेत लमाणांचा एक तांडा भेटला, त्यात धान्य लादलेले १४,००० बैल होते. एक तांडा म्हणजे आपल्या या फौजेचा एक महिना. दक्षिणेतल्या मोहिमांमध्ये लमाण, म्हणजेच बंजारा, हा शब्द वारंवार का येतो ते यावरून कळेल.

लमाणांचं बलस्थान त्यांच्या चालीत होतं. तांडा दिवसाला तीन-चार कोसांपेक्षा जास्त जात नसे, कारण बैल वाटेत चरत चालायचे. त्यामुळे त्यांना वेगळा चारा वाहून न्यावा लागत नसे. धान्य वाहणारं जनावर स्वतः धान्य खायला लागलं की लांबच्या पल्ल्यात निम्मा माल वाटेतच संपतो. लमाणाच्या बैलाबाबत हे होत नव्हतं. बायका-मुलं तांड्याबरोबरच असत आणि लादणं, उतरवणं, राखण ही कामं घरचीच माणसं करत. नाईक सांगेल तसा तांडा वळे. ज्याच्याकडे नाणं आणि वाटेत संरक्षण, त्याच्या छावणीकडे ते माल नेत. लढणाऱ्या दोन्ही बाजूंना उद्या त्यांची गरज पडणार असे, म्हणून त्यांना लुटण्यापेक्षा राजी ठेवण्याकडेच कल असायचा. भंगी-जंगी नाईकांना शाहजहानचा वजीर आसफखान याने ताम्रपट दिला, ही त्यांच्यातली परंपरा प्रसिद्धच आहे: जिथे आसफखानाचे घोडे, तिथे भंगी-जंगीचे बैल. कथा म्हणून घेतली तरी तिच्यात कामाची वाटणी नेमकी आली आहे.

मघाच्या हिशेबात मी एक गोष्ट मुद्दाम सोडली होती, ती म्हणजे गवत. घोड्याला रोज दहाएक किलो गवत लागतं. दहा हजार घोड्यांना एक लाख किलो. ते बैलावर वाहायचं तर आणखी आठशेवर बैल रोज, आणि गवत फुगीर असल्याने एवढं वजन पाठीवर मावतच नाही. म्हणून गवत वाहून आणायची वस्तूच नव्हे. ते मुक्कामाच्या भोवती जाऊन रोज कापायचं. हे काम घसाऱ्याचं. हातात खुरपं, पाठीवर गवत बांधायची जाळी किंवा फडकं. पावसाळ्यानंतर उभं गवत मिळे तोवर ठीक. उन्हाळ्यात तो हरळी मुळासकट खुरपून काढायचा, माती झटकायचा, पाणी असेल तर धुवायचा आणि भारा करून दुपारपर्यंत परत यायचा. माती तशीच राहिली तर ती घोड्याच्या पोटात साचते आणि पोटशूळ उठतो. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळात एका घोड्यामागे एक मोतद्दार आणि एक घसारा धरलेला असे. म्हणजे शंभर घोडेस्वारांबरोबर दोनशे बिनलढाऊ माणसं झाली, आणि अजून बाजार धरलेलाच नाही.

या दाणा-वैरणीची धास्ती शिवाजी महाराजांना किती होती ते चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेल्या त्यांच्या पत्रात दिसतं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत बेहिशेब उधळलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारलीत असं होईल, असं ते बजावतात. मग लोक कुणब्याच्या घरचं धान्य, भाकरी, गवत, फाटे, भाजी ओरबाडायला लागतील, म्हणून जे हवं ते बाजारातून विकत आणा, अशी ताकीद. बाजार नसेल तर फौज रयतेवर तुटून पडते, ही साखळी त्या पत्रात इतकी स्वच्छ मांडली आहे की मी पुरवठ्याबद्दल शिकवताना सुरुवात तिथूनच करतो.

त्याच शिवकाळात लष्करात बायको, बटीक, कलावंतीण ठेवू नये आणि ठेवील त्याची गर्दन मारावी, असा नियम सभासदाने नोंदवला आहे. फौज आठ महिने मुलूखगिरीला आणि चार महिने छावणीला, हलकी आणि जलद. तेव्हा ते जमलं, कारण पल्ले तुलनेने जवळचे आणि पाठीशी किल्ल्यांवरची कोठारं होती. पुढे पेशवाईत फौजा नर्मदेपलीकडे वर्ष-वर्ष राहू लागल्या. घर दोन वर्षं मागे टाकून कुणी जात नाही, त्यामुळे घरंच बरोबर निघाली.

आता बायकांचं काम. लमाण आणतो ते धान्य, शिपाई खातो ती भाकरी. मधलं काम जात्यावरचं. छावणीत भल्या पहाटे जाती सुरू व्हायची. कूच असेल तर त्याआधी दळण उरकायचं, नंतर जातं बैलावर किंवा तट्टावर. हे जड दगड वाहून का न्यायचे, असा प्रश्न पडेल. पण पीठ लवकर खराब होतं आणि दाणा टिकतो, म्हणून दाणा वाहायचा आणि रोजचं रोज दळायचं. ज्या शिपायाबरोबर बायको किंवा बटीक नसेल तो बाजारात पीठ विकत घ्यायचा. ते पीठही कुणा बाईनेच दळलेलं. लाकूडफाटा, शेणी गोळा करणं, पाणी भरणं, आजाऱ्याला पेज करून घालणं हीसुद्धा बहुतेक त्यांचीच कामं.

धोबिणींबद्दल तुम्ही खास विचारलं आहे. ब्रिटिश पलटणींत परदेशी मोहिमेवर जाताना दर शंभर शिपायांमागे साधारण सहा बायकांना सरकारमान्य परवानगी असे. कुणाची बायको येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरे. त्यांना अर्धा शिधा मिळे आणि त्या पलटणीचे कपडे धुवायच्या, त्याचे पैसे शिपायांकडून मिळत. हिंदुस्थानात गोऱ्या पलटणींचं धुणं इथल्या धोब्यांकडे गेलं. आपल्याकडच्या छावणीत परीट बाजारासोबत फिरे आणि गिऱ्हाइकाकडून मोबदला घेई. हे काम नुसतं टापटिपीचं नव्हतं. अंगावरचे कपडे आठवडेच्या आठवडे धुतले नाहीत की उवा होतात, आणि उवांमधून पसरणाऱ्या टायफसने युरोपात फौजाच्या फौजा खलास केल्या. १८१२ साली नेपोलियनच्या रशियावरच्या मोहिमेतही त्याने फार माणसं नेली. आपल्या उष्ण हवेत तो रोग तितका नव्हता. पण घामाने कडक झालेलं खोगिराखालचं फडकं धुतलं नाही तर घोड्याची पाठ सोलते आणि पाठ लागलेला घोडा महिनाभर बसून राहतो. फौजेचं बळ अशा बारीक गोष्टींतून झिरपून जातं.

हे सगळं एकत्र कसं दिसायचं ते एका प्रसंगातून सांगतो. मे १७९१. टिपूविरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम एकत्र होते. लॉर्ड कॉर्नवॉलिसने मार्चमध्ये बंगळूर घेतलं आणि मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणवर चालून गेला. १५ मे रोजी आरिकेरेजवळ त्याने लढाईही जिंकली. पण टिपूने वाटेवरची गावं आधीच ओसाड केली होती, वैरण जाळली होती. टिपूचे हलके स्वार छावणीभोवती घिरट्या घालत होते, त्यामुळे घसाऱ्यांना लांब जाता येईना. वैरण नाही म्हणून तोफा ओढणारे आणि धान्य वाहणारे बैल मरायला लागले. बैल मेले म्हणून धान्य पुढे सरकेना. शिपायांचा तांदूळ कमी झाला आणि बाजारातले लोक मेलेल्या बैलांचं मांस खायच्या थराला आले. जिंकलेली फौज आठवड्याभरात लुळी पडली. वेढ्याच्या जड तोफा कन्नंबाडीला स्वतःच्या हाताने नासवून, गाडे पेटवून २६ मे रोजी ती परत फिरली. मैलोगणती बैलांचे आणि घोड्यांचे सांगाडे पडले होते, असं तिथे हजर असलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. जुनं कन्नंबाडी गाव आता कृष्णराजसागर धरणाच्या पाण्याखाली आहे.

परतीच्या त्या पहिल्याच दिवशी समोरून स्वार दिसले. इंग्रजांना वाटलं टिपूचे. बंदुका सरसावल्या. इतक्यात एकाने ओरडून सांगितलं की आम्ही मराठे. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा आल्या होत्या. टिपूच्या स्वारांनी जासूद मध्येच अडवल्यामुळे इंग्रजांना त्यांचा पत्ताच नव्हता.

मराठ्यांच्या तळावर गेल्यावर उपाशी इंग्रजांना दिसली ती पेठ. त्यांच्यातल्या विल्क्स नावाच्या अधिकाऱ्याने तिचं वर्णन थक्क होऊन केलं आहे. विलायती बनात आणि बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली आणि तिच्याशेजारी वापरलेले जुने कपडे, अस्सल हिरे आणि लुटीत गेलेली खेड्यातल्या पोरीची चांदीची कर्णफुलं, बैल, मेंढ्या, कोंबड्या आणि कोकणातले खारवलेले सुके मासेसुद्धा. सराफ पाट मांडून बसलेले. आणि मुख्य म्हणजे धान्य, चढ्या भावाने का होईना, मिळत होतं. कोकणातला सुका मासा घाट चढून, तुंगभद्रा ओलांडून कावेरीकाठी पोचला होता, तो कुणाच्या हुकमाने नव्हे. तिथे गिऱ्हाईक आहे हे कळल्यावर कुणा व्यापाऱ्याने तो लादला होता.

त्या वर्णनातली लुटीची कर्णफुलं मला नेहमी टोचतात. छावणीचा बाजार रयतेकडून ओरबाडलेला मालही विकत असे आणि लुटीला गिऱ्हाईक मिळवून देत असे. ही त्याची काळी बाजू होती. पिंढारी याच बाजाराच्या जिवावर जगत. त्याचा उपयोग सांगताना ही बाजू झाकता येत नाही.

कॉर्नवॉलिस त्या अनुभवातून शिकला. पुढच्या हंगामाआधी त्याने आपल्या माणसांकरवी लमाणांचे तांडे राजी करून कंपनीच्या छावणीकडे वळवले, आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला वेढा घातला तेव्हा धान्यासाठी त्याला माघार घ्यावी लागली नाही. मार्चमध्ये टिपूने तह केला.

आता पानिपत. तीर्थयात्रेसाठी निघालेले लोक, सरदारांची कुटुंबं आणि बाजार, सगळे सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर होते. कुटुंबं आणि जड बुणगे मागे सुरक्षित जागी ठेवा, असा सल्ला सूरजमल जाटासारख्यांनी दिला होता. यात्रेकरू आणि कबिले यांच्याबाबतीत तो सल्ला बरोबर होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आपण कबिला आणि बाजार एकाच शब्दात घालतो, तिथे चूक होते. घसारे, वाणी, लमाण मागे ठेवले असते तर हजारो घोडी चार दिवसांत उभी राहिनाशी झाली असती.

खरा घात झाला तो मुक्काम थांबल्याने. चालत्या फौजेला रोज नवं गवत मिळतं. पानिपतला फौज नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत खंदकाआड एका जागी बसली. वर हिवाळा. मघाचा लाख किलोचा हिशेब आठवा. पहिल्या आठवड्यात कोसभरातलं गवत संपतं, दुसऱ्यात दोन कोसांतलं. घसारा जितका लांब जाईल तितका शत्रूच्या स्वारांच्या तोंडी पडणार, आणि त्याला सोबत म्हणून लढाऊ स्वार द्यावेत तर त्यांची घोडी आणखी थकणार. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतल्यावर हाती आलेलं धान्य काही दिवस पुरलं. मग अब्दालीने यमुना उतरून दिल्लीकडची वाट तोडली. दोआबात शत्रूची रसद मारायला पाठवलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. तांडा आणि वाणी हे वाट मोकळी असेल तरच येतात, जीव धोक्यात घालून कुणी धान्य विकायला येत नाही. एका रात्री लाकूडफाट्यासाठी बाहेर पडलेल्या बुणग्यांचा मोठा जमाव शहापसंदखानाच्या स्वारांना सापडला आणि हजारोंनी कापला गेला. ते लोक कडाक्याच्या थंडीत फौजेच्या चुलींसाठी सरपण आणायला गेले होते, एवढं तरी आपण लक्षात ठेवावं.

जुने कागद वाचताना छावणी कोसळायला लागली आहे हे ओळखायचं असेल तर लढायांची वर्णनं बाजूला ठेवा आणि बाजारभाव बघा. आधी वैरण महागते, मग हरभरा, मग ज्वारी-गहू, आणि शेवटी पैसे असून माल नाही. वैरण धान्याच्या आधी महाग होऊ लागली की समजावं, घसारे जवळपास फिरू शकत नाहीत, म्हणजे भोवतालचा मुलूख शत्रूच्या हातात गेला आहे. सेनापतीच्या पत्रात हे बहुधा नंतर येतं.

१३ जानेवारीला लोक भाऊंकडे गेले आणि म्हणाले की दोन दिवस पोटात अन्न नाही, इथे मरण्यापेक्षा लढून मरू. दुसऱ्या दिवशी फौज निघाली ती इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींच्या आणि तोफांच्या आधाराने, बायका-मुलं आणि बुणगे मध्ये घेऊन, वाट काढायला. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. छावणीत उरलेल्यांपैकी पुरुष बहुतेक मारले गेले, बायका-मुलं गुलाम म्हणून नेली गेली. जे निसटून दक्षिणेकडे धावले त्यातले कितीतरी जण सूरजमलच्या मुलखात पोचले. तिथे त्यांना अन्न, पांघरूण आणि आसरा मिळाला, आणि मग ते ग्वाल्हेरच्या वाटेला लागले.